जुळलेलं, न जुळलेलं आणि बघायचं

दर महिन्याच्या चौदा तारखेला जीएसटीच्या पोर्टलवर दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्यासाठी एक यादी तयार होते. तिचं नाव जीएसटीआर-२बी. आपल्याला माल विकणाऱ्यांनी त्यांच्या विवरणपत्रात आपल्या नावावर जी बिलं दाखवली, ती सगळी या यादीत असतात. यादी २०२० पासून मिळते आणि १ जानेवारी २०२२ पासून नियम असा, की खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट यादीत आलेल्या बिलांवरच घेता येतं. महिन्याचं विवरणपत्र बहुतेकांना वीस तारखेपर्यंत भरायचं असतं. म्हणजे मधल्या सहा दिवसांत आपल्या वहीतली खरेदी आणि पोर्टलची यादी बिलागणिक ताडून पाहायची. चाळीस बिलं असतील तर दुपारचं काम. चारशे असतील तर अकाउंटंटचे तीन दिवस त्यातच जातात.

अशा कामांसाठी मी छोट्या व्यवसायांना मॅक्रो लिहून देतो. मॅक्रो म्हणजे एक्सेलच्या पोटातच लिहिलेला छोटा प्रोग्राम. त्याची भाषा व्हीबीए. ती १९९३ पासून एक्सेलसोबत येते आणि तेव्हापासून असंख्य दुकानांची, कारखान्यांची कामं ती गुपचूप ओढते आहे. हा प्रोग्राम लिहिणं अवघड नाही. नेमकं काय लिहायचं ते ठरवणं आणि लिहून दिल्यावर तो दोन-तीन वर्षं चालता ठेवणं, हे अवघड आहे.

इथे सांगतो ते काम कोल्हापुरातल्या एका दुकानाचं. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांना बेअरिंग, ग्राइंडिंग व्हील, हातमोजे असा किरकोळ माल पुरवणारं दुकान. मालकांची मागणी एका वाक्याची होती: “बटण दाबलं की जुळलं पाहिजे.” या वाक्यावर किंमत सांगणारा माणूस पुढे तोट्यात जातो, कारण ‘जुळलं’ म्हणजे काय हे त्यात कुठेच नाही.

त्याआधीचा प्रश्न मात्र वेगळा असतो: मॅक्रो लागतो का? टॅलीप्राइमच्या नव्या आवृत्त्यांमध्ये २बीशी खरेदी ताडायची सोय आहे. ती ज्याच्याकडे आहे आणि ज्याची सगळी खरेदी टॅलीतच नोंदली जाते, त्याला मी हात जोडून सांगतो की माझी गरज नाही. या दुकानात टॅली जुनी होती, शिवाय गोडाउनची खरेदी वेगळ्या एक्सेल शीटमध्ये लिहिली जायची आणि महिनाअखेरीला एकत्र व्हायची. तिथे मॅक्रोला जागा होती.

पहिल्या भेटीत मी मालकांपेक्षा अकाउंटंट ताईंजवळ जास्त बसतो, आणि शक्यतो विचारत नाही, बघतो. कारण विचारलं तर माणूस नियम सांगतो आणि काम करताना अपवाद करतो. ताईंनी सांगितलं, “बिल नंबरवर व्हीलुकअप लावते.” प्रत्यक्षात व्हीलुकअप लावून झाल्यावर निम्मी बिलं सापडली नाहीत, आणि ती त्यांनी डोळ्यांनी जुळवायला घेतली. वहीत ‘187’, यादीत ‘KE/24-25/0187’. “हा पुरवठादार नंबर असाच टाकतो,” म्हणत त्यांनी पिवळा रंग भरला. पुढच्या बिलात कराचा एक रुपयाचा फरक होता, तरी पिवळा. त्यापुढच्या बिलात रक्कम तंतोतंत, नंबर मात्र वेगळा. तिथे त्या थांबल्या आणि फोन लावला. रंग भरणं आणि फोन लावणं यांच्यामधली जी रेषा ताईंच्या डोक्यात होती, ती कागदावर उतरवणं हेच खरं काम.

म्हणून निघताना मी मागच्या तीन पूर्ण झालेल्या महिन्यांच्या फाइली मागून घेतो: टॅलीतून काढलेली खरेदी, २बीची फाइल आणि ताईंनी रंगवलेला शेवटचा तक्ता. पहिल्या दोन मला मॅक्रोला द्यायच्या असतात. तिसरी माझी उत्तरपत्रिका.

आता रेषा कशी ठरते ते पाहू. दोन्हीकडचं बिल एकच आहे हे ओळखायला आधी पुरवठादाराचा पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक जुळला पाहिजे. तो दोन्हीकडे सारखाच असतो, निदान असायला हवा. मग बिल नंबर. त्यातल्या तिरप्या रेघा, आडव्या रेघा, मोकळ्या जागा काढून टाकल्या की बरीच बिलं आपसूक जुळतात. त्यासाठीचा तुकडा एवढाच:

```
Function SafBill(ByVal s As String) As String
    Dim i As Long, c As String
    s = UCase(Trim(s))
    For i = 1 To Len(s)
        c = Mid(s, i, 1)
        If c Like "[A-Z0-9]" Then SafBill = SafBill & c
    Next i
End Function
```

नंबर मोठ्या अक्षरांत करायचा, एकेक अक्षर तपासायचं, अक्षर किंवा अंक असेल तर ठेवायचं. पण यानं ‘KE/24-25/0187’ चं ‘KE24250187’ होतं, ‘187’ होत नाही. मग मोह होतो की शेवटचे आकडेच पाहावेत आणि सोबत कराची रक्कम जुळवावी. नेमकं इथंच काम बिघडतं. या दुकानात झेरॉक्स मशिनचं भाडं दरमहा पाच हजार, त्यावर नऊशे रुपये कर. पुरवठादार तोच, रक्कम तीच, फक्त महिना वेगळा. त्यानं मार्चचं बिल दाखवायचं राहून गेलं आणि एप्रिलचं दाखवलं, तर रक्कम पाहून जुळवणारा मॅक्रो एप्रिलच्या ओळीवर मार्चचं बिल खुशाल चिकटवतो. शेवटचे आकडेही दगा देतात. एकाच पुरवठादाराची काउंटरची एक मालिका आणि गोडाउनची दुसरी असेल, तर ‘C/112’ आणि ‘G/112’ दोन्ही असतात. वर एक एप्रिलला नंबर पुन्हा एकपासून सुरू होतात.

दोन चुका इथे शक्य आहेत आणि त्यांची किंमत सारखी नाही. जुळणारं बिल मॅक्रोला जुळवता आलं नाही, तर ताईंची दहा मिनिटं जातात. न जुळणारं बिल त्यानं जुळवलं, तर ते कुणाच्या नजरेलाच पडत नाही. चुकीचं क्रेडिट घेऊन वापरलं गेलं की वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज लागतं आणि नोटीस यायला दोन-तीन वर्षंही जातात. तेव्हा मॅक्रोला भित्रा ठेवायचं. मी तीन ढीग ठरवतो. जीएसटी क्रमांक, साफ केलेला नंबर, आर्थिक वर्ष आणि कर हे सगळं जुळलं तर ‘जुळलेलं’. काही जुळलं, काही नाही, तर ‘बघायचं’, आणि शेजारच्या रकान्यात कारण: नंबर वेगळा, रक्कम वेगळी, एकाला दोन जोड्या. समोरून काहीच नसेल तर ‘न जुळलेलं’. मधल्या ढिगावरचा निर्णय ताईंचा. मॅक्रो फक्त दोन्ही ओळी एकाखाली एक आणून ठेवतो.

एका बिलाचं उदाहरण घेऊ. माल १८,४५० रुपयांचा, नऊ टक्के केंद्राचा कर १,६६०.५०, तेवढाच राज्याचा. पुरवठादारानं यादीत तसंच दाखवलं. टॅलीत कुणीतरी दोन्हीकडे १,६६१ टाकले. एकूण करात एक रुपयाचा फरक. तो चालवून घ्यायचा का? घ्यायचा असेल तर किती रुपयांपर्यंत? आणि क्रेडिट कोणत्या आकड्यानं घ्यायचं, वहीच्या की यादीच्या? प्रश्न बारीक दिसतो, पण उत्तर देणं माझं काम नाही. दुकानाच्या सीएंकडून ते लिहून घेतलं: बिलामागे दोन रुपयांपर्यंत चालेल, आकडा जो कमी असेल तो घ्यायचा. दोन हा आकडा मी प्रोग्रामच्या आत ठेवला नाही. ‘सेटिंग’ नावाच्या शीटवर एका सेलमध्ये ठेवला. उद्या सीए बदलले तर मला फोन करायला नको.

आणखी एक खोड. कोल्हापूरहून निपाणी जवळ, पण ते कर्नाटकात. तिथून आलेल्या मालावर आयजीएसटी लागतो, महाराष्ट्रातल्या मालावर सीजीएसटी आणि एसजीएसटी. टॅलीत नोंदवताना चुकून तिथल्या बिलाला सीजीएसटी-एसजीएसटी लागला तरी बेरीज तीच येते. मॅक्रो फक्त एकूण कर पाहत असेल तर ही चूक ‘जुळलेलं’मध्ये निवांत बसून राहते. म्हणून तिन्ही कर वेगवेगळे ताडायचे. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. जुन्या तीन महिन्यांच्या फाइलींमध्येच ते निघालं.

त्याच फाइलींनी आणखी एक गोष्ट दाखवली आणि तिनं कामाचा आकार जवळपास दुप्पट केला. तीस मार्चचं बिल पुरवठादारानं एप्रिलमध्ये दाखवलं, तर मार्चच्या ताळ्यात ते ‘न जुळलेलं’ आणि एप्रिलच्या यादीत अनाथ. म्हणजे मागची शिल्लक पुढे ओढत न्यावी लागते. ‘महिन्याच्या दोन याद्या ताडून द्या’ एवढ्याच बोलीवर काम घेतलं असतं, तर पहिल्या महिन्यात सगळे खूश असते आणि दुसऱ्या महिन्यात मॅक्रो निकामी ठरला असता. किंमत सांगण्याआधी दुसरा महिना डोळ्यांसमोर आणायचा, ही सवय मला या धंद्यानं लावली.

यानंतर मी एक कागद लिहितो. एकच, आणि मराठीत. आत कोणत्या फाइली येणार, त्या कोण आणि कुठून काढणार. बाहेर काय मिळणार. दुकानात एक्सेलची कोणती आवृत्ती आहे. शेवटची बाब फालतू वाटते. पण एक्सएलुकअपसारखं सूत्र एक्सेल २०१९ मध्ये नाहीच, आणि व्हीबीए मोबाइलवर चालत नाही. “मला घरून फोनवर बघता येईल ना?” हा मालकांचा प्रश्न कागदावर सही होण्याआधी यावा, नंतर नव्हे. कागदाचा सगळ्यात उपयोगी भाग म्हणजे मॅक्रो काय करणार नाही. तो टॅलीत काही बदलणार नाही. विवरणपत्र भरणार नाही. पुरवठादारांना मेसेज पाठवणार नाही. क्रेडिट नोटा, ज्या २बीमध्ये वेगळ्या शीटवर येतात, त्यांची फक्त यादी देईल, ताडणार नाही. या शेवटच्या ओळीवर मालक अडले. मग ते काम वेगळ्या किमतीनं दुसऱ्या टप्प्यात घेऊ असं ठरलं. ओळ कागदावर नसती, तर तेच काम ‘एवढं तर त्यात येतंच ना’ म्हणून फुकटात करावं लागलं असतं.

काम पूर्ण झालं हे कशावरून ठरवायचं, तेही त्याच कागदावर. एका जुन्या महिन्यात वहीत ४१२ बिलं होती आणि यादीत ३९८. मॅक्रोनं ३५१ जुळवली, २९ जोड्या ‘बघायचं’मध्ये टाकल्या, वहीतली ३२ आणि यादीतली १८ एकटी राहिली. ३५१, २९ आणि ३२ मिळून ४१२. ३५१, २९ आणि १८ मिळून ३९८. ताळा जमला. असाच ताळा रुपयांचा. प्रत्येक बिल कुठल्या ना कुठल्या ढिगात, आणि एकाच ढिगात, दिसलं पाहिजे. दर वेळी हा ताळा मॅक्रो स्वतः मांडतो आणि जमला नाही तर निकालच दाखवत नाही. नंतर ३५१ जुळलेली बिलं ताईंच्या रंगवलेल्या तक्त्याशी ताडली. मॅक्रोनं जुळवलेलं पण ताईंनी न जुळवलेलं असं एकही नसावं, ही अट. उलटं चालेल.

ताळ्याचा आग्रह जुनाट वाटत असेल तर इंग्लंडमधली एक गोष्ट ऐका. ऑक्टोबर २०२० मध्ये तिथल्या सरकारी आरोग्य यंत्रणेच्या आकडेवारीतून १५,८४१ कोविड रुग्ण गळाल्याचं उघड झालं. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलीत ओतली जात होती. त्या प्रकारात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. वरच्या ओळी नुसत्या गळून पडल्या. आत आलेल्या ओळी आणि बाहेर गेलेल्या ओळी मोजल्या असत्या, तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

छोट्या मॅक्रोतही असाच एक खड्डा आहे. व्हीबीएमध्ये ओळी मोजणारा आकडा `Integer` प्रकारचा घेतला तर तो ३२,७६७ पर्यंतच जातो. महिन्याच्या चारशे बिलांना काही होत नाही. कुणीतरी सगळ्या वर्षांची खरेदी एकत्र करून टाकली की `Overflow` म्हणत मॅक्रो थांबतो. वरच्या तुकड्यात `Long` आहे ते यासाठी. पण थांबणारा मॅक्रो परवडतो. `On Error Resume Next` ही ओळ लिहून चूक आली तरी पुढे जा असं सांगितलेला मॅक्रो परवडत नाही, कारण तो थांबत नाही आणि खोटं बोलतो. दुसऱ्याचा मॅक्रो दुरुस्तीला आला की मी आधी हीच ओळ शोधतो.

तारखांचं दुखणं वेगळंच. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर ‘05/04/2024’ ही पाच एप्रिल नकळत चार मे होते, आणि ‘25/04/2024’ ला पंचविसावा महिना नसल्यानं ती तारीख न होता नुसती अक्षरं म्हणून राहते. ओळखायची खूण सोपी: एक्सेल खऱ्या तारखा सेलच्या उजवीकडे चिकटवतो, अक्षरं डावीकडे. रकान्यात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे दिसल्या, तर उजवीकडच्यांवरही विश्वास ठेवायचा नाही. बिल नंबरांचंही तेच: ‘4-5’ ची तारीख होते, ‘007’ चे सात होतात. म्हणून मॅक्रो मूळ फाइलीला हातच लावत नाही. तो नवी फाइल करतो. मॅक्रो चालल्यावर आधी केलेलं काही कंट्रोल-झेडनं मागे घेता येत नाही, हे फार जणांना फाइल गमावल्यावर कळतं.

मॅक्रो दुकानात पोचवणंही आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. २०२२ पासून मायक्रोसॉफ्टनं इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो आपणहून अडवायला सुरुवात केली. वर लाल पट्टी येते आणि बटण चालत नाही. मॅक्रोंमधून व्हायरस पसरत होते, तेव्हा हे योग्यच झालं. फाइलीच्या गुणधर्मांत `Unblock` ची खूण करून ती एक फाइल मोकळी करता येते. ‘सगळे मॅक्रो चालू द्या’ ही सेटिंग मात्र मी कुणाच्याही संगणकावर करत नाही आणि दुसऱ्या कुणी केलेली दिसली तर बंद करतो.

आता नंतरचं. फोन येतात ते चौदा ते वीस याच दिवसांत, आणि सगळे ‘मॅक्रो बिघडला’ असेच सुरू होतात. पण बिघाडाचे प्रकार वेगळे आणि त्यांचे पैसेही वेगळे, हे आधीच बोलून ठेवावं लागतं. ठरल्याप्रमाणे चालत नसेल तर ती माझी चूक. ती केव्हाही फुकट. दुकानाला नवं काही हवं असेल तर ते नवं काम. तिसरा प्रकार अवघड, कारण त्यात चूक कुणाचीच नसते: जग बदलतं. १४ ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर बिलं स्वीकारायची, नाकारायची किंवा थांबवून ठेवायची नवी सोय आली. चौदा तारखेनंतर त्यात काही केलं की २बी पुन्हा तयार करावी लागते. म्हणजे एका महिन्याच्या दोन याद्या हाती येऊ शकतात आणि माझा मॅक्रो महिन्याला एकच धरून चालला होता. अशा बदलांसाठी वर्षाची ठरावीक रक्कम आधीच बांधून घेतो. ती रक्कम लहान असते, पण ती नसेल तर दर बदलाला घासाघीस होते, आणि तीही नेमकी अठरा तारखेला.

फोनवर निदान करता यावं म्हणून मॅक्रोत दोन गोष्टी घालतो. एक नोंदशीट: कोणत्या दिवशी, कोणत्या फाइली घेऊन चालवला, किती ओळी आल्या, आवृत्ती कोणती. दुसरी, माणसाला कळणारा निरोप. एक्सेल स्वतः `Subscript out of range` एवढंच म्हणतो. नव्वद टक्के वेळा त्याचा अर्थ कुणीतरी शीटचं नाव बदललं असा असतो. त्याऐवजी ‘खरेदी नावाची शीट सापडली नाही’ असं मराठीत दाखवलं, तर ताई स्वतःच दुरुस्त करतात. रकानेही मी क्रमानं शोधत नाही, शीर्षकावरून शोधतो. कारण टॅलीतून फाइल काढताना कुणीतरी कधीतरी एक रकाना जास्तीचा घेतोच.

कोडला पासवर्ड लावून ठेवणारे काही जण असतात. मी लावत नाही. व्हीबीएचा पासवर्ड तोडणं फारसं कठीण नाही आणि माझ्यानंतर कुणाला दुरुस्ती करावी लागली तर त्याच्यापुढे बंद दार नसावं. पैसे दिलेल्याची ती वस्तू आहे. दुकानाच्या फाइली मात्र काम संपल्यावर माझ्या लॅपटॉपवरून पुसतो. पुरवठादार आणि त्यांचे दर ही या धंद्यातली सगळ्यात नाजूक माहिती.

ताईंना एकच गोष्ट दरमहा हातानं करायला सांगितली आहे: ‘जुळलेलं’ ढिगातली कुठलीही पाच बिलं काढून कागदाशी ताडायची. ‘बघायचं’ ढीग त्या पाहतातच. ज्याच्याकडे कुणी पाहत नाही, धोका त्या ढिगात असतो.

आज ना उद्या हे दुकानही नव्या टॅलीवर जाईल आणि मॅक्रो बंद होईल. तेव्हा काय करायचं तेही कागदावर आहे: दोन महिने दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालवायच्या आणि फरक पडलेलं प्रत्येक बिल पाहायचं. जीएसटीच्या कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. म्हणून दर महिन्याचा निकाल मॅक्रोशिवायच्या साध्या फाइलीत जातो, सूत्रं नाहीत, नुसते आकडे. सहा वर्षांनी अधिकाऱ्यानं एखाद्या बिलाबद्दल विचारलं, तर ती फाइल कुठल्याही संगणकावर उघडेल आणि त्या बिलाशेजारी ते कोणत्या ढिगात होतं, कुणी आणि कोणत्या तारखेला पाहिलं, हे लिहिलेलं असेल.